‘येतेय’ म्हणजे नक्की किती वाजता?

*ताई, मी डोंबिवलीला राहते, ऑफिस बीकेसीत, वेळ साडेनऊची. मागच्या मंगळवारी ८.३१ ची फास्ट मुलुंड सोडल्यावर थांबली ती थांबलीच. ओव्हरहेड वायर तुटली होती. मी ९.०५ ला सरांना ‘ट्रेन लेट आहे, येतेय’ असा मेसेज टाकला, साडेनऊला ‘पंधरा मिनिटांत पोचते’ आणि दहाला ‘निघाली आता’. पोचले अकरा वीसला. दहाची क्लायंट मीटिंग सरांनी माझ्याशिवाय घेतली आणि आकडे सगळे माझ्या लॅपटॉपमध्ये. सर म्हणाले, “उशिराचं काही नाही, पण तू मला तीनदा खोटं सांगितलंस.” मी खोटं बोलले नव्हते हो. सर पुण्याहून आलेत, त्यांना लोकलमधलं काही कळत नाही. मी नेमकं काय कळवायला हवं होतं?*
*– डोंबिवलीची एक वाचक*

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू खोटं बोलली नाहीस, हे मला पटतं. पण सर तसं का म्हणाले, तेही कळतं. तुझ्या तीन मेसेजांत तू तीन वेळा तुला हवी असलेली वेळ कळवलीस. गाडी आता सुटेल, आता सुटेल, ही डब्यातल्या प्रत्येकीच्या मनातली आशा होती आणि तीच आशा तू सरांना वेळ म्हणून पाठवलीस. त्यांनी ती खरी धरली. साडेनऊला ‘पंधरा मिनिटांत’ वाचल्यावर त्यांनी पावणेदहा धरलं असणार आणि दहाची मीटिंग पुढे ढकलायची गरज नाही, असं ठरवलं असणार. दहा वाजता ‘निघाली आता’ वाचलं, तेव्हा क्लायंट समोर येऊन बसलेले होते.

मी आठ वर्षं सहा जणांची टीम सांभाळली आहे, सगळे लोकलने येणारे. त्या खुर्चीवरून हे फार वेगळं दिसतं. गाडी कुठे थांबली आणि का, याने मला काही फरक पडत नसे. मला एवढंच ठरवायचं असे की मीटिंग ठेवू, ढकलू की दुसऱ्याला बसवू. एकदा एका मुलाने नऊला कळवलं, ‘मॅडम, साडेअकराच्या आत जमणार नाही.’ मी दोन मिनिटांत मीटिंग बाराला नेली आणि तो विषय तिथे संपला. दुसऱ्याने त्याच महिन्यात ‘निघालोय’, ‘पोचतोय’ करत चार माणसांना पन्नास मिनिटं बसवून ठेवलं. उशीर पहिल्याचा जास्त होता, राग मला दुसऱ्याचा आला.

म्हणून गाडी थांबली की ‘मी कधी पोचेन’ याच्याही आधी एक प्रश्न स्वतःला विचार. आता आणि मी पोचेपर्यंतच्या वेळात सरांना माझ्यामुळे कोणता निर्णय घ्यावा लागणार आहे? मंगळवारी त्याचं उत्तर होतं दहाची मीटिंग. आणि ९.०५ ला तू मुलुंडच्या पुढे डब्यात उभी होतीस. आपण हिशोब करून बघू. गाडी ९.२० ला सुटली असती, सगळं सुरळीत झालं असतं, तरी कुर्ल्याला पावणेदहा. तिथून बाहेर पडून बस किंवा शेअर रिक्षाने बीकेसी, म्हणजे आणखी पंचवीस मिनिटं. दहा वाजून दहा मिनिटं, तीही सगळं मनासारखं झालं तर. म्हणजे दहाच्या मीटिंगला तू नसणार, हे ९.०५ लाच ठरलेलं होतं. सरांना सगळ्यात आधी हवं होतं ते हे एक वाक्य. ते त्यांना पंचावन्न मिनिटं आधी मिळू शकलं असतं.

आता पोचायची वेळ कशी काढायची ते सांगते, कारण बहुतेकांचं चुकतं ते इथे. वेळ काढायची ती गाडी का थांबली यावरून. सिग्नल बिघडला असेल तर गाड्या पूर्ण थांबत नाहीत, एकेक करून हळूहळू सोडतात. गाडी सरकते, थांबते, परत सरकते. अशा दिवशी नेहमीच्या वेळेवर अर्धा-पाऊण तास वाढवला की बहुधा भागतं. वायर तुटली की गोष्ट वेगळी. तारेतली वीज आधी बंद करावी लागते, दुरुस्तीची टॉवर वॅगन त्या जागेपर्यंत आणावी लागते, तार जोडून वीज परत सुरू करावी लागते, आणि हे सगळं होईपर्यंत मागे गाड्यांची रांग लागलेली असते. तारेत २५ हजार व्होल्टचा दाब असतो, तिथे घाईने काही करता येत नाही. वायर म्हटलं की तास धरायचाच, आणि त्यानंतर रांगेतल्या गाड्या मोकळ्या व्हायला लागणारा वेळ वेगळा.

कारण कळायच्या आधीही डब्यातच एक खूण असते. गाडी थांबली आणि पंखे फिरत असतील, तर तारेत वीज आहे. अडचण पुढच्या सिग्नलची किंवा पुढच्या गाडीची असू शकते. पंखे बंद पडले, डब्यात एकदम शांत झालं आणि चार-पाच मिनिटं झाली तरी ते फिरेनात, तर वीज गेलेली आहे. चालत्या गाडीत काही ठिकाणी पंखे-दिवे क्षणभर जातात आणि परत येतात, ते वेगळं; तिथे तारेचा एक भाग मुद्दाम बिनविजेचा ठेवलेला असतो. पण उभ्या गाडीत पाच मिनिटं पंखे बंद, म्हणजे आता पर्स उघडून फोन काढायची वेळ झाली. एम-इंडिकेटरवर त्याच लाइनीवरचे प्रवासी काय लिहिताहेत, ते बघ. पण त्यातल्या ‘दहा मिनिटांत सुरू होईल’ या वाक्यावर विसंबू नकोस. लिहिणारा तुझ्यासारखाच डब्यात उभा असतो.

मंगळवारचाच हिशोब वायर धरून करू. एक तास गाडी हलणार नाही असं धरलं की १०.०५. मुलुंड ते घाटकोपर एरवी दहा-बारा मिनिटं, पण पुढे गाड्या खोळंबलेल्या, म्हणून अर्धा तास, १०.३५. आता घाटकोपरपासून दोन रस्ते आहेत. एक तुझा नेहमीचा, म्हणजे पुढे कुर्ला आणि तिथून बस. पण गाड्या बंद पडल्या की कुर्ला पश्चिमेला बसच्या आणि रिक्षाच्या रांगा कशा लागतात, हे तू मला सांगायला नको. दुसरा रस्ता मेट्रोचा. घाटकोपरहून मेट्रो १ ने मरोळ नाका, तिथे उतरून भुयारी मेट्रो ३ आणि थेट बीकेसी. गाडीतला वेळ दोन्ही मिळून साधारण पंचवीस मिनिटं. पण त्यात घाटकोपरच्या पुलावरची गर्दी, तपासणीची रांग, मरोळ नाक्याला वरून खाली उतरणं आणि शेवटचं चालणं मिळव. अशा दिवशी तासच धर. म्हणजे ११.३५.

तू प्रत्यक्षात पोचलीस अकरा वीसला. बघ, ९.०५ ला कागदावर मांडलेला हिशोब किती जवळ येतो. सरांना मी साडेअकरा सांगितलं असतं. ‘साडेदहा-अकरापर्यंत’ असं कधीच लिहू नकोस, वाचणारा त्यातलं साडेदहाच लक्षात ठेवतो. एकच वेळ लिही, आणि ती उशिराची लिही.

या उशिराच्या वेळेचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. अर्धा तास झाला की डब्यातल्या काही जणी खाली उड्या मारून रुळांतून चालायला लागतात. शेजारच्या स्लो लाइनीवर गाड्या चालू असतात आणि खडीवरून चालताना मागून येणारी गाडी कळतही नाही. ‘पंधरा मिनिटांत पोचते’ असं कळवून बसलेल्या बाईला त्यांच्यामागे उतरावंसं वाटतं. साडेअकरा कळवलेली बाई आत थांबू शकते, आणि गाड्या सुरू झाल्यावर आलेली पहिली खच्चून भरलेली गाडी सोडून दुसरीची वाट बघू शकते. दारात लटकून वाचवलेल्या दहा मिनिटांनी कुठलीच मीटिंग सावरत नाही.

आता निरोप. तासाभरावर मीटिंग असेल तर आधी फोन कर. डब्यात गोंगाट असतो, लोक कान देऊन ऐकतात, संकोच वाटतो, तरीही कर. अर्ध्या मिनिटाचा फोन पुरे: “सर, गाडी बंद पडली आहे, दहाच्या मीटिंगला मी पोचत नाही. बाकीचं मेसेजमध्ये लिहिते.” फोन उचलला नाही तर लगेच मेसेज. मंगळवारी मी असा लिहिला असता:

“सर, ओव्हरहेड वायर तुटल्यामुळे लोकल बंद आहे. दहाच्या मीटिंगला मी नसेन असं धरून चाला. ऑफिसात साडेअकरापर्यंत येते. आकड्यांची शीट साडेनऊच्या आत तुम्हाला आणि टीमच्या ग्रुपवर पाठवते. मीटिंगमध्ये काही विचारायचं असेल तर मी फोनवर आहे, रेंज नीट आहे. पुढचं ९.४५ ला कळवते.”

यात मुलुंड नाही, भांडुप नाही, स्लो-फास्ट नाही. सर पुण्याहून आले आहेत, त्यांच्यापुढे मुंबईचा नकाशा उलगडायची गरज नाही. कारण एका वाक्यात, माफी नाहीच. वायर तू तोडलेली नाहीस. ‘सो सॉरी सर’ने सुरू होणाऱ्या मेसेजात खरी गोष्ट तिसऱ्या ओळीत जाते, आणि फोनच्या पडद्यावर न उघडता दिसतात त्या पहिल्या दोनच ओळी.

शीटबद्दल जरा थांबून बोलते, कारण माझ्या मते सरांना लागलं ते हे. तुझा उशीर त्यांनी सोसला असता. आकडे हातात नसताना क्लायंटसमोर बसावं लागलं, ते जास्त लागलं असणार. उभ्या गाडीत लॅपटॉप काढता येतो. थांबलेल्या गाडीतल्या बायका एकमेकींना फार सांभाळून घेतात. ‘ताई, पाच मिनिटं चौथी सीट द्याल का, ऑफिसची फाइल पाठवायची आहे’ असं विचारून बघ, मला अजून कोणी नाही म्हटलेलं नाही. फोनचा हॉटस्पॉट लाव, फाइल पाठव, लॅपटॉप बंद कर. अख्खी शीट गेली नाही तर बैठकीत लागणारे चार-पाच आकडे मेसेजमध्ये टाइप कर: या महिन्याचा आकडा, मागच्याचा, फरक का पडला ते एका ओळीत. त्यावर मीटिंग निभावते. आणि सकाळी दहाची मीटिंग असेल त्याच्या आदल्या रात्री फाइल सगळ्यांच्या फोल्डरमध्ये ठेवूनच झोप. पावसाळ्यात तर हे डबा भरण्याइतकं अंगवळणी पडायला हवं.

मीटिंगमध्ये फोनवरून बसायचं कबूल करताना मात्र जपून. गाडी सुटली की तू गर्दीत चेपली जाशील, मग पुलावर, मग भुयारात. म्हणून ‘मी कॉलवर जॉइन होते’ असं वचन देऊ नकोस. ‘काही विचारायचं असेल तर फोन करा’ इतकंच म्हण. ते पाळता येतं.

पावणेदहाला काहीच बदललं नसेल, तरी कळवलेलं कळवायचं: “सर, गाडी अजून हललेली नाही. साडेअकराच धरा.” या मेसेजाचं काम एवढंच, की सरांना तुला विचारावं लागू नये. आणि गाडी हलली की लगेच वेळ कमी करून पाठवायचा मोह आवर. तुझा दहाचा ‘निघाली आता’ तिथेच फसला. गाडी निघाली म्हणजे तू निघालीस, पोचायला तासावर वेळ होता. वेळ बदलायची ती हातातलं शेवटचं वाहन मिळाल्यावर. मरोळ नाक्याला मेट्रो ३ कडे खाली उतरण्याआधी लिही, “सर, शेवटच्या मेट्रोत बसतेय, अकरा वीसपर्यंत पोचते.” उतरण्याआधीच, कारण खाली रेंजचा भरवसा नसतो. आणि उलटं झालं, साडेअकराही जमणार नाही असं दिसलं, तर साडेअकरा वाजायच्या बऱ्याच आधी, घाटकोपरलाच कळव. दिलेली वेळ उलटून गेल्यावर दिलेली नवी वेळ कोणी मनावर घेत नाही.

पाण्याचा दिवस याहून वेगळा. कुर्ला-सायनला रुळांवर पाणी आलं की गाड्या कुठपर्यंत जातील हे रुळांवरच्या पाण्यावर ठरतं, आणि पाणी कधी ओसरेल हे पावसावर आणि भरतीवर. समुद्राला मोठी भरती असताना शहरातलं पाणी बाहेर पडत नाही. भरतीची वेळ आदल्या दिवशीच कळलेली असते. मुसळधार पाऊस आणि साडेचार मीटरच्या वरची भरती दुपारी बारा-एकला असेल, तर सकाळी आठला घरून ‘उशीर होईल’ असं कळवण्यात अर्थ नाही. त्या दिवशी पोचायची वेळ द्यायचीच नाही, ठरवायची वेळ द्यायची. “सर, मी निघालेय. कुर्ल्याकडे पाणी भरतंय. ठाण्याला पावणेनऊला परिस्थिती बघते. पुढच्या गाड्या बंद असतील तर परत फिरून साडेदहापासून घरून काम करते.” ठाण्याहून डोंबिवलीला परत जाता येतं. घाटकोपरला अडकलीस तर ना ऑफिस ना घर. आणि दुपारी दोनला कशीबशी पोचून सहाला परत निघायचं, तर त्या चार तासांसाठी रात्र स्टेशनवर काढायची वेळ येऊ शकते. हे सरांना सरळ सांग. कुठलाही समंजस माणूस ‘परत फिर’ म्हणेल, पण त्याच्यापुढे तू तसा पर्याय ठेवला पाहिजेस.

रविवारच्या मेगाब्लॉकला यातलं काहीच लागू नाही. तो आधी जाहीर होतो. रविवारी ड्युटी असेल तर शनिवारी वेळापत्रक बघून लवकर निघायचं. रोजच्या दहा मिनिटांच्या उशिराचंही तेच. तो धरूनच ८.३१ ऐवजी आधीची गाडी पकडायची. दर दोन दिवसांनी ‘ट्रेन लेट’ लिहिणाऱ्याची वायर खरोखर तुटते, त्या दिवशी त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. तुझ्या ‘ट्रेन लेट आहे’चं वजन आधीच कमी झालंय का, हे तूच आठवून बघ.

आता राहिलं ते सरांशी बोलणं. ‘मी खोटं बोलले नव्हते’ इथून सुरुवात करू नकोस, नाही तर बोलणं त्या शब्दावरच अडेल. पाच मिनिटं मागून घे आणि म्हण, “सर, मंगळवारी मी तुम्हाला मला वाटत होती ती वेळ कळवत गेले. दहाची मीटिंग चुकणार हे मला नऊलाच कळायला हवं होतं, ते मी सांगितलं नाही. पुढे असं झालं तर पहिल्याच मेसेजात एक वेळ देईन, मीटिंगचं काय ते सांगेन आणि फाइल पाठवेन.” मग त्यांना विचार की त्यांना फोन बरा की मेसेज, आणि किती मिनिटांच्या वरचा उशीर कळवावा. पंधरा म्हणाले तर पंधरा. पुण्याहून आलेल्या माणसाला पंखे बंद पडण्याचा अर्थही सांगून टाक. पुढच्या वेळी तू ‘पंखे बंद आहेत, साडेअकरा धरा’ एवढंच लिहिलंस तरी त्यांना कळेल.